मदत हवी आहे: खिडकीची काच बसत नाही, माप बरोबर आहे

चोपडेकर
घाई आहे, म्हणून थोडक्यात. जुन्या घराच्या खिडकीला दोन काचा कापून आणल्या, 17 इंच 6 सूत बाय 35 इंच 4 सूत. टेपने माप मीच घेतलं होतं, बरोबर आहे. डावीकडे काच आत जातच नाही, एक कोपरा अडतो. उजवीकडे दाबून बसवली, तर सुतार पट्टी ठोकत असताना तडकली. सुतार म्हणतो काचवाल्याने मोठी कापली. काचवाला म्हणतो सांगितली तेवढीच कापली, हवं तर दोन मिलिमीटर घासून देतो. घासून घ्यावी का? आणि पैसे कोणी द्यायचे? परवा पाहुणे येणार आहेत.

तापीकाठ
खिडकी लाकडी की अ‍ॅल्युमिनियमची? काच किती जाडीची? माप कुठून कुठे घेतलं?

स्लायडिंगवाला
धुळ्यात माझं अ‍ॅल्युमिनियमचं काम आहे. आम्ही कधीच पूर्ण मापाची काच घालत नाही. डोळे झाकून 10 मिलिमीटर कमी करा, लांबीतही आणि रुंदीतही. रबर बसलं की काच हलत नाही. रोजचं काम आहे.

पारोळ्याचा बापू
भाऊ, माप काय लिधं ते सांग ना पहिले. हाई काम सुतारनं शे, काचवालानं नही.

चोपडेकर
लाकडी आहे, सागवानी, आजोबांच्या वेळची. काच 5 एमएम. माप नेहमीसारखं घेतलं, खाचेपासून खाचेपर्यंत, मधोमध. अजून काय सांगू?

रंधा-पटाशी
मधोमध घेतलेलं माप म्हणजे एकच माप. जुनी झडप चारही बाजूंनी सारखी क्वचितच असते. आता असं करा. पट्ट्या पूर्ण काढा, पतामातली, म्हणजे काच बसते त्या खाचेतली, जुनी लांबी म्हणजे पुटी आणि तुटक्या चुका म्हणजे बारीक खिळे खरवडून काढा. मग टेप मिलिमीटरच्या बाजूने धरा. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. शेवटी दोन्ही कर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन्ही झडपांची मापं वेगवेगळी लिहा. शिवाय पतामाची खोली सांगा, म्हणजे काचेची कड लाकडात किती आत जाते ते.

तुमचं 17 इंच 6 सूत म्हणजे जवळपास 451 मिलिमीटर आणि 35 इंच 4 सूत म्हणजे 902. पतामाचं माप तेवढंच असेल, तर काच बसायला जागाच ठेवलेली नाही.

गच्चीवरून
आमच्याकडे भुसावळला मे महिन्यात एक काच आपोआप फुटली. उन्हाने काच फुगते आणि फुटते. म्हणून गॅप ठेवतात. माझं मत: काच नकोच, अ‍ॅक्रिलिक शीट लावा. पोरांच्या चेंडूची भीती नाही.

रंधा-पटाशी
फुगते खरी, पण किती ते बघा. 900 मिलिमीटरची काच 35 अंशांनी तापली, तर उण्यापुऱ्या पाव मिलिमीटरने वाढते. तेवढ्यासाठी 3 मिलिमीटर कोण सोडेल? जागा लागते ती चौकट वाकडी असते म्हणून, कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं म्हणून, आणि काचेची कड लाकडाला किंवा चुकेला कुठेही टेकता कामा नये म्हणून. काच मधून भक्कम असते, कडेला नाजूक.

उन्हाने फुटते ती वेगळ्या कारणाने. मधला भाग तापतो आणि लाकडात दडलेली कड त्यामानाने थंड राहते, त्यात कडेवर ताण येतो. अशी चीर कडेपासून काटकोनात निघते आणि पुढे वळते. ठोकून फुटलेल्या काचेत सुरुवातीलाच कडेवर छोटा कपचा उडालेला दिसतो. चोपडेकर, तुमच्या चिरेची सुरुवात कुठे आहे?

आणि अ‍ॅक्रिलिक काचेच्या सात-आठपट फुगतं. तिथे याहूनही जास्त जागा सोडावी लागेल. ओरखडे पडतात ते वेगळंच.

गच्चीवरून
आमची आपोआपच फुटली होती, कोणी हात लावला नव्हता.

चोपडेकर
चीर उजव्या कडेच्या मधून निघाली आहे, तिथे अर्धचंद्रासारखा कपचा उडालाय. बरोबर तिथेच सुताराने चूक मारली होती.

मापं घेतली. डावी झडप: रुंदी वर 452, मध्ये 451, खाली 450. उंची 903, 902, 901. कर्ण 1009 आणि 1005. उजवी झडप: रुंदी 453, 452, 452, उंची 903, 902, 902, कर्ण सारखे. पताम दोन्हीकडे 9 मिलिमीटर खोल. आता तरी सांगा.

स्लायडिंगवाला
बघा, मी म्हटलं ना. 450 मधून 10 वजा, 440. उंची 891. झालं.

रंधा-पटाशी
थांबा, तुमचा हिशोब तुमच्या सेक्शनला लागू पडत असेल. अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत रबर काचेला दोन्ही बाजूंनी धरतं. इथे पताम 9 मिलिमीटरचा, म्हणजे मोकळं दिसणारं माप 450 वजा 18, 432. काच 440 ची केली, तर प्रत्येक बाजूला 4 मिलिमीटर लाकडात राहते. त्यात झडप कललेली, म्हणजे एका कोपऱ्यात पकड दोनच्याही खाली जाईल. जोराचा वारा आला की काच तिथून निसटेल.

आता डावीचा हिशोब. सगळ्यात लहान मापं धरायची, 450 आणि 901. बाजूला 3 मिलिमीटर सोडायचे, म्हणजे 444 आणि 895. पण कर्णांत 4 मिलिमीटरचा फरक आहे. या आकारात त्याचा अर्थ झडप वरपासून खालपर्यंत साडेचार मिलिमीटर कलली आहे. सरळ काच कललेल्या खाचेत घालायची, तर रुंदीतले ते साडेचार त्या 6 मिलिमीटर मोकळ्या जागेतूनच जातात. उरले दीड, दोन बाजूंना पाऊण-पाऊण. काचवाल्याच्या हाताचा मिलिमीटर त्यात गेला की काच पुन्हा अडणार. म्हणून रुंदीत आणखी एक सोडतो, 443. सगळ्यात अडचणीच्या कोपऱ्यात सव्वा मिलिमीटर मोकळा राहतो आणि सगळ्यात उथळ ठिकाणी पकड सव्वातीन. डावी काच 443 बाय 895.

उजवी सरळ आहे. 452 आणि 902 मधून 6-6 वजा, 446 बाय 896. दोन्ही काचा एकाच मापाच्या मागवू नका.

तापीकाठ
पुठ्ठा कापून बघा आधी. झडपेच्या आकाराचा पुठ्ठा सगळीकडे 3 मिलिमीटर लहान कापायचा, सहज फिरला की तोच काचवाल्याला द्यायचा. कलती झडप, तर काचही कलती कापता येते. म्हणजे पकड सगळीकडे सारखीच.

रंधा-पटाशी
हेही चालेल. फक्त पुठ्ठ्याची बाहेरची बाजू लिहून द्या. काच उलटी बसवली, तर कल उलट्या बाजूला जातो आणि फरक दुप्पट होतो.

पारोळ्याचा बापू
झडप सैल झाली असेल, सांधा ठोकून काटकोनात आण. काच कायले वाकडी कापस? लाकूड सुधर.

रंधा-पटाशी
बापू, सांधा खरंच सैल असेल तर तुमचं बरोबर. पण आधी हाताने ढकलून बघा. घट्ट बसलेली सागवानी झडप खेचायला गेलात तर चिरते.

चोपडेकर
सांधा हलत नाही. मग डावीकडची न बसलेली काच घासून घेऊ का? ती फुटलेली नाही.

रंधा-पटाशी
दोन मिलिमीटर घासून काही होणार नाही, 449 राहील आणि 450 मध्ये अडेल. पण तुमची काच 451 आहे आणि हवी 443. म्हणजे 8 मिलिमीटरची पट्टी निघते, उंचीत 7 ची. एवढी पट्टी हिरकणीने रेघ मारून पक्कडीने मोडता येते. दोन मिलिमीटरची पट्टी सरळ मोडत नाही, कपचे उडतात, म्हणूनच त्याने घासायची गोष्ट काढली. टफन्ड नाही ना ती? असेल तर एक मिलिमीटरही कापायची नाही, सगळी भुगा होईल.

चोपडेकर
साधी आहे. पैशांचं कोणीच बोलत नाही.

स्लायडिंगवाला
पैसे माप देणाऱ्याचेच. काचवाला सांगितलं ते कापतो. आमच्याकडे म्हणून माप आम्ही स्वतः येऊन घेतो.

तापीकाठ
असं कसं? फुटली ती सुताराच्या हातून. चूक आडवी, काचेला समांतर मारायची असते. तिरपी गेली आणि कडेला लागली. अर्धे तरी त्याने सोसावेत.

गच्चीवरून
5 एमएम कशाला घेतली? एवढ्या खिडकीला 4 पुरते.

रंधा-पटाशी
घेतली आहे ना, आता राहू द्या. बसवताना एवढं बघा. काच थेट खालच्या लाकडावर टेकवायची नाही. खाली दोन छोटे तुकडे, रबराचे किंवा कठीण लाकडाचे, 3 मिलिमीटर जाडीचे. रुंदीच्या चौथाईवर एक, दुसरा पलीकडे तेवढ्याच अंतरावर. वजन त्यांच्यावर, कोपऱ्यावर नाही. मग बाजूला कागदाचा तुकडा सरकवून बघायचा. जिथे अडेल तिथे काच टेकली आहे. पट्टी ठोकताना हातोडी काचेला लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरायचा. चूक पट्टीत आधी अर्धी घालून मग पट्टी जागेवर ठेवली की सुताराचा हात नीट राहतो.

निंबोळी
लांबीच्या जागी सिलिकॉन चालतं का? आणि जाळी आतून लावावी की बाहेरून? आमच्याकडे संध्याकाळी केळीच्या बागेतून डास येतात.

चोपडेकर
डासांचं वेगळं विचारा ताई, इथे काच चाललीय. काचवाल्याकडून पट्टी मोडून आणली, 443 बाय 895. डावीकडे बसली, कागद तीन बाजूंनी सहज फिरतो, वरच्या उजव्या कोपऱ्यात थोडा घासतो. हे चालेल की काढू?

रंधा-पटाशी
घासतो म्हणजे अडतो की सरकतो? अडत असेल तर खालचा डावा तुकडा थोडा पातळ करा, काच त्या बाजूला किंचित कलेल आणि वरचा उजवा कोपरा मोकळा होईल. तरी अडला तर त्या कोपऱ्यात पतामात जुनी लांबी चिकटलेली आहे का ते बघा. बोटाने नाही, पटाशीच्या टोकाने.

पारोळ्याचा बापू
आणि सुतारना पैसा?

चोपडेकर
तो फोन उचलत नाहीये.