जर्सीवरून नाव? चर्चा धागा

रोहन, पेडणे: "डोंगरकापणी अडवायला जेसीबीपुढे उभा राहिलेल्या पोराचा फोटो सगळ्या गोव्याने बघितला. गावात कुणालाही विचारा, नाव सांगतील. तरी पेपरवाले 'एक आंदोलक' म्हणून मोकळे. घाबरतात, दुसरं काय!"

सुनंदा, फोंडा: मी बरीच वर्षं पेपरच्या डेस्कवर होते, म्हणून हे वाचून राहवलं नाही. गावातल्या दहा जणांनी एकच नाव सांगितलं आणि दहाही जणांना ते एकाच फॉरवर्डमधून कळलं असेल, तर ती साक्ष एकाचीच. म्हणून "नाव काय" याच्यापाठोपाठ "तुम्हाला कुणी सांगितलं" हे विचारावंच लागतं.

त्या फोटोत चेहरा तिरका आहे आणि अर्धा टोपीखाली गेलाय. लोक ओळखतायत ते पाठीवरच्या क्लबच्या नावावरून आणि सात नंबरावरून. पण आपल्याकडे सीझन संपला की जर्सी धाकटा भाऊ घालतो, शेजारचा घालतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मशाल मोर्चा निघाला. त्यात एकाच्या टी-शर्टवर 'आर्कन्सॉ इंजिनिअरिंग' लिहिलेलं होतं. नेटवरच्या लोकांनी त्या विद्यापीठातला दाढीवाला प्राध्यापक शोधून काढला आणि त्याचं नाव जगभर फिरवलं. तो त्या संध्याकाळी हजार मैलांहून जास्त दूर, बायकोबरोबर कलासंग्रहालयात होता. धमक्या एवढ्या आल्या की घर सोडून सहकाऱ्याकडे राहावं लागलं. टी-शर्टवाला खरा माणूस नंतर स्वतःच पुढे आला.

गुरुदास, सांगे: एवढं कशाला? गूगल लेन्समध्ये फोटो टाका. जुना कुठे सापडला नाही म्हणजे फोटो खरा. मिनिटाचं काम.

सुनंदा, फोंडा: गुरुदासबाब, लेन्स टाकायचंच, जुना फोटो नवा म्हणून फिरतोय का ते त्यात पकडता येतं. पण काही सापडलं नाही म्हणून फोटो आजचा ठरत नाही, आणि आत कोण आहे हे तर त्यातून कळतच नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत वेळ-ठिकाणाची नोंदही सहसा उरत नाही. म्हणून काढणाऱ्यापर्यंत जायचं, मूळ फाइल मागायची आणि तिच्या आधीचे-नंतरचे क्लिक मागायचे. एका क्षणात मान वळते आणि पुढच्या क्लिकमध्ये पूर्ण चेहरा मिळतो. मग तो फोटो, नाव न सुचवता, त्या मुलाला रोज बघणाऱ्या दोघांना वेगवेगळा दाखवायचा. "हा अमुकच ना?" विचारलं की माणूस हो म्हणून जातो. शेवटी त्या मुलालाच फोन. कधी आलास, बाजूला कोण होतं, जेसीबी कुठल्या वाटेने आला. तिथे असलेल्याला चौकटीबाहेरचंही सांगता येतं. हे झालं नाही तर नाव जात नाही.

मिलिंद, डिचोली: माझ्या चुलतभावाचं नाव असंच एका पेपरने छापलं होतं. आमच्या गावात त्या नावाचे तिघे, आडनावासकट. मोर्चात होता वरच्या वाड्यावरचा, आणि कारखान्याने बोलावून घेतलं आमच्याला. खुलासा आला आतल्या पानावर, चार ओळींचा. बापाचं नाव आणि वाडा विचारायला किती वेळ लागतो?

दामू, काणकोण: वेळ लागतो तो आम्हालाच. बातमीमागे मिळतात त्यात पेट्रोलही भागत नाही. फोटो पाठवताना मी नाव कधीच लिहीत नाही, फोटोखालची ओळ पणजीत बसलेला लिहितो आणि शिव्या मला पडतात. सुनंदाबाय, तुमच्या डेस्कने कधी वार्ताहराला उलट फोन केला?

सुनंदा, फोंडा: केला. रात्री साडेदहाला केला आणि वार्ताहराने उचलला नाही, असंही झालंय. सगळं डेस्कच्या माथी मारू नका.

दामू, काणकोण: साडेदहाला! पान सोडायच्या वेळेला आठवण होते तुम्हाला. सकाळी फोटो येतो, दिवसभर काय करता?

मिलिंद, डिचोली: भांडा खुशाल. माझ्या भावाची नोकरी तुमच्यापैकी कुणी परत देणार नाही.

सुनंदा, फोंडा: मिलिंद, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि दामूबाब, फोन दुपारीच जायला हवा, हे मान्य.

रोहन, पेडणे: म्हणजे जमिनीसाठी उभा राहिलेला पोर कायम बिननावाचा? फायदा कुणाचा? बिल्डरचाच ना. पुढच्या मोर्चाला लोक यायचे तर त्यांना चेहरा लागतो.

दामू, काणकोण: पात्रांव, नाव तुम्ही छापायला सांगता, पोलीस दारात जातात त्याच्या. त्याला ते हवंय का, विचारलंत?

सुनंदा, फोंडा: आणि तो अठराच्या आतला असेल तर अजून जपावं लागतं. मिसरूडही फुटलेलं दिसत नाही फोटोत.

रोहन, पेडणे: ठीक आहे, जर्सीचं मानतो. मला ज्याने नाव सांगितलं त्याला आत्ताच विचारलं. त्याला म्हापशाच्या एका ग्रुपवर आलं होतं, त्याच्या पलीकडे ठाऊक नाही. तरी माझं म्हणणं आहे की पेपरने माणूस पाठवून शोधायला हवं होतं. 'एक आंदोलक' लिहून बसणं सोपं आहे.

दामू, काणकोण: पाठवा ना. पेट्रोलचे पैसे कोण देणार तेवढं सांगा.