मदत हवी आहे: सिंक दोनदा गुपचूप बंद पडलं, मॉनिटरिंगच्या खर्चासाठी मॅनेजमेंटला नोट द्यायची आहे

संत्रानगरी_आयटी
मंडळी, घाई आहे. शुक्रवारी मालकांसमोर बसायचं आहे आणि त्याआधी एका पानाची नोट द्यायची आहे. आमचं गोडाऊनचं सिंक दोनदा बंद पडलं आणि दोन्ही वेळा कोणाला पत्ताच लागला नाही. मॉनिटरिंगचं टूल घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं, वर्षाचा खर्च किती दाखवावा आणि नोट कशी लिहावी, एवढं सांगा. तयार नमुना असेल तर टाका. मागच्या खेपेला "सगळं चालू आहे ना, मग कशाला?" एवढ्यावर विषय संपला होता.

श्रीधर_वर्धा
माझ्या मोबाइलवर पण सिंक सारखं बंद पडते. अकाउंट काढून परत टाका आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. टूल घ्यायची गरज नाही.

रात्रपाळी
कशाचं सिंक? कुठून कुठे, किती वेळाने? आणि बंद पडलं म्हणजे नक्की काय झालं? जॉब फेल झाला, की जॉब नीट चालला पण पोचलं काहीच नाही? हे दोन प्रकार वेगळे आहेत. एकावर घेतलेलं टूल दुसरा पकडेलच असं नाही.

संत्रानगरी_आयटी
औषधांचं होलसेल आहे. गोडाऊन वाडीला, ऑफिस गांधीबागेत. गोडाऊनच्या विंडोज पीसीवर बिलिंग चालतं आणि दर अर्ध्या तासाला स्टॉकची फाइल निघते. तो फोल्डर शेजारच्या लिनक्स मशीनवर माउंट केला आहे. तिथून क्रॉन ती फाइल ऑफिसच्या सर्व्हरला पाठवतो, तिथे ती डेटाबेसमध्ये चढते आणि केमिस्ट पोर्टलवर तो स्टॉक बघून ऑर्डर टाकतात. पहिल्या वेळी ऑफिसच्या सर्व्हरची डिस्क भरली होती. दुसऱ्या वेळी वाडीची लाइट गेली, त्यानंतर झालं. पण मला नोटची मदत हवी आहे, स्क्रिप्टची नाही. स्क्रिप्ट जुन्या व्हेंडरने लिहून दिलेली आहे.

लिनक्सप्रेमी
बजेट काहून मागता भाऊ? झॅबिक्स फुकट आहे. एक जुना पीसी घ्या, त्यावर टाका, डिस्क भरली की लगेच लाल दिसते. मी आमच्याकडे तेच लावलं आहे. मालकासमोर हात पसरायची गरज नाही.

खामलाकर
लाइटचा मूळ प्रश्न सोडवा आधी. वाडीला ऑनलाइन यूपीएस बसवा आणि मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीत कूलर लावू नका, दमटपणाने बोर्ड जातात. एसीच लावा. आमच्या दुकानात दोन मदरबोर्ड असेच गेले.

रात्रपाळी
खामलाकर, यूपीएसने लाइट सांभाळली जाईल. पण पहिल्या वेळी लाइट गेलीच नव्हती.
संत्रानगरी, स्क्रिप्ट आणि पहिल्या वेळचा लॉग टाका. नोटचा अर्धा मजकूर त्यातच असणार.

संत्रानगरी_आयटी
घ्या.

```
rsync -a /mnt/billing/ ho:/srv/stock/ 2>&1 | tee -a /var/log/sync.log
if [ $? -eq 0 ]; then echo "SYNC OK" >> /var/log/sync.log; fi
```

आणि लॉगच्या शेवटच्या दोन ओळी:

```
rsync error: error in file IO (code 11) at receiver.c
SYNC OK
```

रात्रपाळी
हेच म्हणत होतो. एका ओळीत एरर आणि तिच्या लगेच खाली "SYNC OK". पाइप लावला की `$?` मध्ये शेवटच्या कमांडचा निकाल येतो. इथे ती `tee` आहे. तिने लॉगमध्ये लिहिण्याचं काम चोख केलं, म्हणून शून्य. `rsync` ने 11 दिला होता, तो तिथेच हरवला. स्क्रिप्टच्या वर `set -o pipefail` लिहिलं की तो 11 खाली पोचेल आणि "SYNC OK" छापलं जाणार नाही. पण लॉग कोणी उघडून बघत नसेल, तर न छापलेलंही कोणाला दिसणार नाही.

या दोन ओळींचा फोटो नोटमध्ये घाला. मालकांना कोड कळायची गरज नाही, एररखाली ओके लिहिलेलं कोणालाही कळतं.

दुसऱ्या वेळचं माझ्या अंदाजाने असं झालं असावं: लाइट आल्यावर लिनक्स मशीन आधी उठलं, विंडोज पीसी मागाहून. माउंट झालाच नाही, `/mnt/billing` रिकामा फोल्डर राहिला. रिकाम्या फोल्डरमधून काही पाठवायचंच नसतं, म्हणून `rsync` ने खराखुरा शून्य दिला. इथे `pipefail` चा काही उपयोग नाही. आणि एक विचारतो, `--delete` नाही ना लावलेलं? असतं तर ऑफिसची फाइलही उडाली असती.

संत्रानगरी_आयटी
`--delete` नाही. बाकी अगदी तसंच. `fstab` मध्ये `nofail` आहे, त्यामुळे मशीन एररशिवाय चालू झालं. गुरुवारी संध्याकाळपासून सोमवारी दुपारपर्यंत पोर्टल गुरुवारचाच स्टॉक दाखवत होतं. कामठीच्या एका केमिस्टचा फोन आला तेव्हा कळलं. त्याने इन्सुलिनची ऑर्डर टाकली होती, पोर्टलने घेतली, पेशंटला "उद्या येईल" सांगून झालं आणि गोडाऊनमध्ये तो बॅच शुक्रवारीच संपला होता. मग दिवसभर दोन माणसं एकेका ऑर्डरवर फोन करत बसली.

लिनक्सप्रेमी
मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला `mountpoint -q /mnt/billing || exit 1` टाका. झालं काम. दोन ओळींच्या कामाला मॅनेजमेंट कशाला?

रात्रपाळी
ती ओळ टाकायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण `exit 1` झाल्याचं कोणाला कळणार? आणि ते भोक आता माहीत झालं म्हणून बुजवता येतं. तिसऱ्या वेळी बिलिंगची फाइल निघणंच थांबलं तर? माउंट असेल, फोल्डर भरलेला असेल, फाइल मात्र काल दुपारची.

झॅबिक्स वाईट नाही. पण ते ऑफिसमधल्याच जुन्या पीसीवर बसवलं आणि ऑफिसची लाइट किंवा इंटरनेट गेलं, तर निरोप कोण देणार? शिवाय स्टॉकची फाइल शिळी आहे हे ते आपोआप सांगत नाही, तो आयटम तुम्हालाच लिहावा लागतो.

लिनक्सप्रेमी
`nodata()` नावाचा ट्रिगर आहे त्यात. ठरलेल्या वेळेत डेटा आला नाही तर अलर्ट येते. वापरून बघा, मग बोला.

रात्रपाळी
आहे, मान्य. बाहेरच्या एखाद्या मशीनवर ठेवलं तर तेही चालेल. पण मग ते मशीन, त्याचे अपडेट आणि त्याची डिस्क भरणार नाही हे बघणारा माणूस, हा सगळा खर्च नोटमध्ये धरा. फुकट फक्त सॉफ्टवेअर आहे.

संत्रानगरी, तुमच्यासाठी सोपी वाट सांगतो. तपासणी वाडीला करू नका, साखळीच्या शेवटच्या टोकाला करा. `rsync -a` फाइलची मूळ वेळ जशीच्या तशी आणतो, म्हणून ऑफिसमध्ये बसूनच कळतं की वाडीला फाइल कधी निघाली:

```
f=/srv/stock/stock.csv
age=$(( $(date +%s) - $(stat -c %Y "$f") ))
[ "$age" -lt 5400 ] && ./load.sh "$f" && curl -fsS -m 10 --retry 5 "$PING_URL"
```

फाइल दीड तासाच्या आतली असेल आणि डेटाबेसमध्ये नीट चढली असेल, तरच बाहेरच्या सेवेला पिंग जाईल. पिंग आला नाही की ती सेवा तुम्हाला उठवेल. डिस्क भरो, माउंट जावो, ऑफिसचं नेट जावो, पिंग थांबणारच. `load.sh` एरर आल्यावर शून्य देत नाही ना, हे मात्र आधी तपासा, नाहीतर तेच दुखणं तिथे. अशी एक सेवा म्हणजे हेल्थचेक्स, तिच्या फुकट खात्यात 20 जॉब बसतात. अपटाइम कुमामध्येही पुश मॉनिटर आहे, तो स्वतः चालवावा लागतो.

संत्रानगरी_आयटी
गोडाऊन रात्री बंद असतं, रविवारी पीसी बंद. मग रोज रात्री अलर्ट वाजत बसेल. आठवड्याभरात सगळे तो म्यूट करतील.

रात्रपाळी
हेल्थचेक्समध्ये क्रॉनसारखं वेळापत्रक आणि वरची सवलतीची मुदत देता येते. टाइमझोन `Asia/Kolkata` निवडा, नाहीतर साडेपाच तासांचा घोळ होतो. सोमवार ते शनिवार, गोडाऊनच्या वेळेतच बघायला सांगा.

यात दोन गोष्टी सुटतात, त्या नोटमध्ये लपवू नका. विंडोज पीसीचं घड्याळ पुढे गेलं तर शिळी फाइल ताजी दिसेल, म्हणून वेळ इंटरनेटवरून जुळवून घ्या. आणि फाइल ताजी पण अर्धीच निघाली, तर हे पकडणार नाही. त्यासाठी मागच्या फाइलपेक्षा ओळी एकदम घटल्या तर थांबायचं, अशी वेगळी अट लागेल. तिची मर्यादा काय ठेवायची हे तुमचा स्टॉक बघूनच ठरेल.

ताळेबंद
नोटमध्ये टॅक्स विसरू नका. परदेशी सेवेचं पैसे देऊन खातं घेतलं आणि फर्म जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर रिव्हर्स चार्जने 18 टक्के आयजीएसटी तुम्हालाच भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण भरताना रोख भरावा लागतो. आधी तुमच्या सीएला विचारा. आणि बिल कंपनीच्या नावाने व जीएसटी नंबर टाकूनच घ्या, कोणाच्या खासगी कार्डावर नको.

संत्रानगरी_आयटी
आणि एसएमएस? मालक म्हणतात एसएमएसच हवा, बाकी काही ते बघत नाहीत.

रात्रपाळी
भारतात कंपनीच्या नावाने एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर हेडर आणि मजकुराचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यावा लागतो. शुक्रवारपर्यंत ते सोडा. टेलिग्रामचा ग्रुप आजच होतो. एसएमएस दुसऱ्या टप्प्यात मागा.

माजी_व्यवस्थापक
मी बरीच वर्षं अशा नोटा मंजूर आणि नामंजूर केल्या आहेत. टूलचं नाव पहिल्या ओळीत आलं की वाचणारा लगेच किंमत शोधतो. पहिल्या ओळीत "गुरुवार संध्याकाळ ते सोमवार दुपार" हे लिहा. त्यानंतर किती ऑर्डर रद्द झाल्या, किती माल परत फिरला आणि ती दोन माणसं दिवसभर काय करत होती. हे आकडे अकाउंट्सकडून घ्या, स्वतः अंदाज लावू नका. मालक तिथेच विचारतील.

संत्रानगरी_आयटी
अकाउंट्सला सांगितलं आहे. सुरुवात अशी लिहिली:

"गुरुवारी संध्याकाळी गोडाऊनचा स्टॉक पोर्टलवर येणं थांबलं. आपल्याला ते सोमवारी दुपारी एका ग्राहकाच्या फोनवरून कळलं. त्याआधीच्या बिघाडात सिस्टिमने एररखाली 'ओके' लिहून ठेवलं होतं. प्रस्तावित व्यवस्थेने असा बिघाड पुन्हा होणार नाही. पहिल्या वर्षी मागणी: बाहेरच्या सेवेचं शुल्क करासह, आणि स्क्रिप्ट दुरुस्त करून तपासण्या बसवायला एका माणसाचे चार दिवस."

रात्रपाळी
"पुन्हा होणार नाही" काढा. बिघाड होईल. "कामाच्या वेळेत दोन तासांच्या आत कळेल" असं लिहा. दीड तास फाइलचं वय, त्यावर अर्धा तास सवलत. हे वचन तुम्ही पाळू शकता आणि मालकांसमोर करूनही दाखवू शकता: शुक्रवारी सकाळी मीटिंगच्या आधी माउंट काढून ठेवा, अलर्ट त्यांच्या समोर येऊ द्या. पोर्टलच्या लोकांना आधी सांगून ठेवा.

लिनक्सप्रेमी
चार दिवस जास्त आहेत. एका दिवसात होते.

माजी_व्यवस्थापक
चारच ठेवा. एक मागितला आणि तीन लागले, तर पुढची नोट वाचलीच जात नाही.

संत्रानगरी_आयटी
वाक्य बदललं. माउंट काढून दाखवायचं मालकांच्या मुलाला आवडलं, वडिलांना अजून सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी अलर्ट आला तर वाडीला कोण जाणार, हे कोणीच अंगावर घेत नाहीये. तुमच्याकडे याचे वेगळे पैसे देतात का? देत असतील तर नोटमध्ये कोणत्या खात्याखाली दाखवता?