मदत हवी आहे: बाजारातल्या फोटोतून आत्याला वेगळं काढायचंय, पण शेजारणीची साडीही तीच

सुरंगीचो वळेसार
माझी आत्या मालवणच्या बाजारात तीस वर्षं सुकी मासळी विकते. पुढच्या महिन्यात बचत गटाच्या बायका तिचा सत्कार करणार आहेत. त्यासाठी साधारण दीड फूट उंचीचा बोर्ड करायचाय, त्यावर फक्त आत्या आणि मागे कोरी पांढरी जागा. तिचा हसरा फोटो हा एकच. नाहीतर मोबाइल समोर धरला की ती तोंड फिरवते.

फोटोत आत्या मधे बसलीय. डावीकडे तिच्या खांद्याला खांदा लावून बसलेली बाई गटातलीच, म्हणजे अंगावर तीच युनिफॉर्मची मरून साडी. समोर कोकमांचा ढीग, तोही काळपट लाल. डोक्यावर निळी ताडपत्री. जिम्पमध्ये `Fuzzy Select` लावलं, आत्या निवडायला गेलो तर शेजारीण आणि अर्धी कोकमं सोबत आली. थ्रेशोल्ड कमी केला तर साडीला भोकं पडतात. `Foreground Select` वर दोन संध्याकाळी घालवल्या. फोटो चुलतभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, १६०० बाय १२००.

रापणीचो राजा
थ्रेशोल्डच्या नादी लागू नकोस. `Colors > Components > Decompose` मधून `LAB` निवड. उजेड एका थरात आणि रंग दुसऱ्या दोन थरांत जातो. रंगाच्या थरात लेव्हल्स ताणल्या की डोळ्यांना न दिसणारा फरक उघडा पडतो. मी जांभळांच्या टोपलीतून करवंदं अशीच वेगळी काढली होती. दहा मिनिटांचं काम.

भरतीओहोटी
मलापण हेच हवं होतं! गणपतीच्या फोटोत आमच्या मखरामागे शेजारचा बंड्या बनियनवर उभा आहे, त्याला काढायचंय. मागे नुसता पडदा आहे. कसं करू?

सुरंगीचो वळेसार
भरतीओहोटी, तुमचं उलट आहे हो. तुम्हाला माणूस पुसायचाय, मला ठेवायचाय. पडदा असेल तर क्लोन करून बंड्या जाईल.

राजा, LAB करून बघितलं. कोकमं बऱ्यापैकी वेगळी दिसली, पण दोन साड्यांमधे काहीच नाही, सपाट करडा रंग. आणि रंगाच्या थरात कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात.

खाडीपलीकडे
दिसणारच. राजाचा उपाय जांभूळ-करवंदाला ठीक, कारण तिथे रंग खरंच दोन आहेत. इथे कापड एकाच ताग्यातलं. जो फरक नाहीच तो थर फोडून कुठून येणार? राहिल्या पायऱ्या. जेपेग करताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र बहुतेक वेळा दोन बाय दोनच्या चौकटीला एकच. म्हणून रंगाच्या थरावरून कड आखायची नाही. रंगावरून फार तर 'ही कोकमाची बाजू, ही साडीची' एवढं ठरवायचं आणि रेघ उजेडाच्या थरावर मारायची.

आधी भावाकडून मूळ फोटो मागव, व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून. १६०० च्या फोटोत आत्या उंचीला किती भरते? सातशे पिक्सेल असतील तर दीड फुटावर इंचाला चाळीससुद्धा पडणार नाहीत. तोंडावर चौकोन दिसतील, मग कड कितीही नीट कापलीस तरी काय उपयोग.

सुरंगीचो वळेसार
मिळाला! भावाच्या जुन्या फोनमधे होता. ४००० बाय ३०००, आत्या साधारण १९०० पिक्सेल.

खाडीपलीकडे
म्हणजे इंचाला शंभरच्या वर. चार हात लांबून बघायच्या बोर्डाला चालतं.

आता निवडायची सगळी साधनं बाजूला ठेव. ती रंग बघून ठरवतात, आणि तुझ्या फोटोत रंगाला काही म्हणायचं नाही. `Paths` घे, २०० टक्क्यांवर जा आणि हाताने आख. वळणाच्या सुरुवातीला आणि शेवटाला बिंदू, मधली गोलाई ओढून. बिंदू जितके कमी तितकी कड जिवंत दिसते. शंभर बिंदू ठोकलेस तर आत्या कात्रीने कापलेली वाटेल. रेघ कडेच्या एक पिक्सेल आत ठेव, म्हणजे मागचा रंग सोबत येत नाही.

दोन साड्या जिथे टेकतात तिथे सावली शोध. दोन अंगं एकमेकांना लागली की मधे उजेड पोचत नाही, तिथे बारीक काळी चीर असते. थराची प्रत काढून `Curves` ने गडद भाग भरपूर उजळव. फोटो भयाण दिसेल, दिसू दे, ती प्रत फक्त रेघ मारण्यापुरती. तिथेही चीर दिसली नाही तर साडीचे काठ बघ. आत्याचा काठ तिच्या खांद्यावरून ज्या दिशेने येतो त्याच्या विरुद्ध जाणारा काठ शेजारणीचा.

तरी चार-सहा बोटं जागा अशी उरेल की काही म्हणजे काही दिसणार नाही. तिथे खांद्यापासून कोपरापर्यंत हात कसा उतरेल ते मनात धरून रेघ सोडून द्यायची. बोर्ड बघणाऱ्यासमोर मूळ फोटो नसतो. त्याला खरी कड कळत नाही, वेडीवाकडी कड मात्र लगेच कळते.

रेघ पुरी झाली की एंटर, `Select > Feather` एक पिक्सेल, आणि `Add Layer Mask` मधे `Selection`. खोडरबर वापरू नकोस, मास्क काळ्या-पांढऱ्या ब्रशने कधीही दुरुस्त होतो.

रापणीचो राजा
बरां, मानलां. पण केसांचं काय? ते पेननं कापलेत तर हेल्मेट होतं.

खाडीपलीकडे
होतं खरं. म्हणून उडणारे केस वाचवायला जातच नाही मी. डोक्याची कड गुळगुळीत कापतो आणि नव्या थरावर दोन पिक्सेलच्या ब्रशने आठ-दहा केस परत काढतो, रंग तिच्याच केसांतून उचलून.

सुरंगीचो वळेसार
चार रात्रींनी परत आलोय. सावलीची चीर खांद्यापासून कमरेपर्यंत सापडली! उजळवल्यावर शेजारणीच्या पदराची पिनसुद्धा दिसली, तिच्यामुळे वरचा भाग सोपा गेला. खाली मांडीजवळ अंदाजाने मारली. घरात कोणाला ओळखता आली नाही.

पण पांढऱ्यावर ठेवल्यावर आत्याच्या केसांना आणि उजव्या खांद्याला निळी झाक दिसतेय. कड आत घेतली तरी जात नाही.

खाडीपलीकडे
ती मागची ताडपत्री नव्हे, ताडपत्रीतून गळून आत्याच्या अंगावर पडलेला उजेड. बाजारात खपून जातो, पांढऱ्यावर आजारी दिसतो. कड कापत बसलास तर खांदाच संपेल. `Mask to Selection` कर, वर नवा थर घे, त्याचा मोड `LCh Color` ठेव. खांद्याच्या आतल्या भागातला मरून उचलून मऊ ब्रशने तीस टक्क्यांवर फिरव. उजेड-सावली तशीच राहते, फक्त रंग बदलतो. केसांना केसांचा काळा-तपकिरी. आणि पांढरी पार्श्वभूमी सोड बघू. फिकट करड्या किंवा मातकट रंगावर निम्म्या चुका लपतात.

रापणीचो राजा
मी तर निळसर पार्श्वभूमीच ठेवली असती. झाक पण आपोआप खरी वाटली असती, काम पण वाचलं असतं.

खाडीपलीकडे
हेही चालेल. मला आवडणार नाही, पण चालेल.

सुरंगीचो वळेसार
बचत गटाला पांढराच हवाय, मी करडा दाखवून बघतो. झाक गेली. आता एकच अडकलंय. आत्याच्या मांडीवर सुक्या बांगड्यांची पाटी आहे, तिच्या डाव्या कडेला चार बोटं दिसतात. हिरव्या काचेच्या बांगड्या दोघींच्या हातात. आत्याला विचारलं तर म्हणते, "माझोच हात आसतलो, दुसऱ्याचो कित्याक?" पण तिचा डावा हात मला तराजूवर दिसतोय.

भरतीओहोटी
बोटं शेजारणीची आहेत. अंगठा कुठल्या बाजूला आहे बघा.

सुरंगीचो वळेसार
अंगठा पाटीखाली गेलाय.