अनुभव धागा : बाटलीतून घरी नेलेला रस

रसवंतीवरचा किंवा गाड्यावरचा रस बाटलीत भरून घरी नेला आणि काही तासांनी प्यायला, असे अनुभव येथे लिहावेत. रस केव्हा घेतला, कुठे ठेवला आणि पिताना कसा दिसला, हे अवश्य सांगावे.

मनीषनगर : मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास सीताबर्डीवरून लिटरभर उसाचा रस बर्फासह घेतला. कामे उरकेपर्यंत बाटली स्कूटरच्या डिक्कीत राहिली आणि चार वाजता ती उघडली, तेव्हा सोड्यासारखा फस्स असा आवाज झाला. रस तपकिरी झाला होता, किंचित आंबूस होता आणि ओतताना त्याला तार सुटत होती. सासऱ्यांनी तो गाळून घेतला. संध्याकाळी सातपर्यंत त्यांना उलट्या सुरू झाल्या.

महाल : रस काळपट होणे हीच बिघाडाची खूण होय. आम्ही रसात लिंबू पिळून घेतो, त्यामुळे तो रात्रीपर्यंत हिरवट राहतो व चांगला टिकतो.

प्रयोगशाळेतून निवृत्त, प्रतापनगर : महालच्या काकूंचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच. उसातील विकरांचा हवेशी संबंध आला की रस काळवंडतो, आणि लिंबाच्या आम्लाने ती क्रिया मंदावते. परंतु चरकातून, उसावरच्या मातीतून किंवा बर्फातून आलेले जंतू तेवढ्याने मरत नाहीत, म्हणजे रंग टिकला तरी रस बिघडलेला असू शकतो. तार सुटणे ही अधिक बोलकी खूण आहे, कारण काही जिवाणू साखरेपासून डिंकासारखा पदार्थ तयार करतात. बाटलीतला वायू बहुधा किण्वनाचा. उलट्या इतक्या लवकर झाल्या त्याअर्थी रसात आधीच तयार झालेल्या विषाची शंका येते, पण तपासणीवाचून ते ठामपणे सांगता येणार नाही. असे काही विष उकळूनही नष्ट होत नाही, तेव्हा गाळण्याने काय साधणार?

काटोल रोड : आमचा अनुभव संत्र्याच्या रसाचा आहे. दुपारी गोड लागलेला रस रात्री कडू झाला. फवारणीचे औषध उतरले असावे, असे घरात सर्वांना वाटते.

प्रतापनगर : संत्र्याच्या बिया आणि पांढरी साल रसात चिरडली गेली की काही तासांत असा कडवटपणा येतो, हा त्या फळाचाच गुण आहे. मात्र तो रस कसा ठेवला होता, हे आपण लिहिलेले नाही.

रसवंतीचालक, वर्धा रोड : गिऱ्हाईक बाटली पुढे करते, ती आतून धुतलेली आहे की नाही, हे आम्हाला कसे कळावे? घरी न्यायचा असेल तर बिनबर्फाचा मागावा. २०१८ पासून अखाद्य बर्फ निळा करण्याचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणजे पाणी शुद्धच, असे मीही छातीठोक सांगणार नाही.

महाल : मग लगेच फ्रिजमध्ये ठेवला तर?

प्रतापनगर : वाढ मंदावते, थांबत नाही. घरी पोहोचेपर्यंत मेच्या उन्हात किती वेळ गेला, तो आधी मोजावा.

महाल : आमचे घर रसवंतीच्या मागच्याच गल्लीत आहे.