अनुभव धागा: कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसला तेव्हा

ब्रूनोची_आई:
आमचा ब्रूनो जर्मन शेफर्ड, सात वर्षांचा. गेल्या महिन्यात रात्री नऊला जेवला आणि साडेदहापासून त्याला चैन पडेना, बसायचा, लगेच उठायचा, पोटाकडे वळून बघायचा, सारखा ओकायला करायचा पण बाहेर नुसती फेसाळ लाळ. मला वाटलं अपचन झालंय. अकरापर्यंत पोट ढोलकीसारखं टणक आणि हिरड्या पांढऱ्या, मग गाडीत घालून पळालो. डॉक्टरांनी दोन्ही पुढच्या पायांना सलाईन लावलं, बरगड्यांच्या मागे केस भादरून जाड सुई टोचली, फस्सकन हवा बाहेर आली आणि थोड्या वेळात साहेब चक्क शेपटी हलवायला लागले. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन आत्ताच. आमचे हे म्हणाले अहो बरा झालाय की, सकाळी बघू. एक्स-रेत पोटाचे दोन फुगे दिसले तेव्हा कुठे सही केली. पोट पूर्ण फिरलेलं होतं, प्लीहा काळी पडली होती ती काढली, पोट मात्र वाचलं. तुम्ही असा निर्णय कधी घेतलाय का, कसा घेतलात, लिहा.

लॅबवाला_नाशिक:
आमच्या लॅबने अख्खी पिशवी ड्राय फूड फस्त केलं होतं. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून रिकामं केलं, घरी आलो, ऑपरेशन वगैरे काही नाही. नळी आत गेली म्हणजे पीळ नाही, सोपा हिशोब. उगाच घाबरून कापाकापी करू नका.

पशुवैद्य_काका:
लॅबवाले, तुमच्याकडे नुसतं खाणं फुगलं होतं. पण पीळ असतानाही नळी आत जाते, मी स्वतः घातलीय, त्यामुळे तो हिशोब चुकतो. उजव्या कुशीवर झोपवून एक्स-रे काढल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही. सुईने हवा जाते, पीळ तसाच राहतो आणि पोटाचा रक्तपुरवठा अडलेलाच असतो, म्हणून ताई, ती शेपटी फसवी. हवा काढायची ती भूल सोसावी म्हणून.
सलाईन पुढच्या पायांनाच का, तर फुगलेलं पोट मागून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेवर बसतं, मागच्या पायात दिलेलं हृदयापर्यंत नीट पोचत नाही. शॉकही त्यामुळेच, हृदयाकडे रक्तच कमी येतं. घरी बघायचं तर हिरडी बोटाने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. मांडीच्या आतली नाडी भरभर आणि बारीक लागली तर उशीर झालाय समजा. पण हिरडी गुलाबी आहे म्हणून थांबू नका, सुरुवातीला ती गुलाबीच असते.

चिनूपिनू:
आमच्या पगच्या पिल्लाचं पोट रोज फुगतं, यालाही पीळ असेल का? भूक चांगली आहे.

पशुवैद्य_काका:
जंताचं औषध कधी दिलं होतं? ते बघा आधी. हा धागा वेगळ्याचा आहे.

माळरान:
आमच्याकडे कारवानी, छाती खोल, कंबर बारीक. दवाखाना चाळीस किलोमीटर. संध्याकाळी पळून आला, पोटभर खाल्लं, रात्री असंच सुकं ओकायला लागला. वडिलांनी सोडा पाजला, मीपण म्हटलं उतरेल. पहाटे गेला. काका, रस्त्यातच सुई घालता आली असती का मला?

पशुवैद्य_काका:
अवघड आहे. टिचकी मारल्यावर जिथे पोकळ वाजतं तिथेच घालायची, बद्द वाजलं तर खाली प्लीहा असू शकते. शिकवल्याशिवाय कर म्हणणार नाही. पण चाळीस किलोमीटरवर बसून मी काय सांगणार. निघण्याआधी फोन मात्र करा, तिकडे तयारी होते.

डोबीचा_बाबा:
आमचा अकरा वर्षांचा होता. पोट उघडल्यावर डॉक्टर बाहेर आले, म्हणाले मोठा भाग काळा झालाय, कापून काढता येईल, पण वाचायची खात्री धरू नका, अन्ननलिकेजवळही पसरलंय. पाच मिनिटं दिली. टेबलावरच झोपू दिलं त्याला. बायको अजून म्हणते कापायला हवं होतं.

सातासमुद्रापार:
अमेरिकेत आहे, ग्रेट डेन. नसबंदीच्या वेळीच पोट उजव्या बाजूला आतून शिवून घेतलं. नंतर एकदा फुगली पण फिरली नाही. खाण्याचं भांडं उंचावर ठेवायचं का यावर मात्र इथले डॉक्टरही भांडतात, आम्ही खाली ठेवतो.

ब्रूनोची_आई:
आमचंही पीळ सोडवल्यावर शिवलंय, नाहीतर पुन्हा फिरण्याची शक्यता खूप म्हणे. एक सांगायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी खातपित असताना त्याचे ठोके चुकायला लागले, ईसीजी लावून ठेवला होता म्हणून कळलं. काका, हे सगळ्यांना होतं का?

पशुवैद्य_काका:
सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना. म्हणून दोन-तीन दिवस ठेवून घेतो, मालक कितीही मागे लागले तरी.