सोलापुरात भाड्याचा फ्लॅट बघताना तुम्ही काय तपासता?

धागाकर्ती: भाची नोकरीसाठी सोलापुरात येतेय. जुळे सोलापूर आणि होटगी रोडला फ्लॅट बघतोय. ओल, पाण्याचा जोर, हवा, मोबाईलची रेंज आणि शेजार, एवढं बघायचंच. पण एजंट दारात चाव्या वाजवत उभा असताना पंधरा मिनिटांत हे नेमकं कसं बघायचं? स्वतःचे अनुभव लिहा.

नवीपेठकर: नळ सोडायचा. धार जोरात आली की विषय संपला.

पाइपवाले काका: नाही ओ संपत. ती धार गच्चीवरच्या टाकीची असते. महापालिकेचं पाणी आपल्याकडे रोज कुठं येतंय? टाकी कशी भरते ते विचारा. मागच्या उन्हाळ्यात एका जोडप्यासोबत फ्लॅट बघायला गेलो होतो. सहा फ्लॅट, हौद पाच हजार लिटरचा, पाणी चार दिवसांआड, बोअर आटलेला. घरटी चार माणसं, माणशी शंभर लिटर धरलं तरी चार दिवसांना साडेनऊ हजारांच्या वर लागतं. म्हणजे टँकर ठरलेला, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये की वेगळे यावर मालक गप्प.

आता जोर. सोबत वीस लिटरची बादली न्या. मोरीतला नळ पूर्ण सोडून ती भरा, नंतर स्वयंपाकघरातला नळही सोडा आणि पुन्हा भरा. त्या फ्लॅटात एकट्या नळाने दीड मिनिटात भरलेली बादली दुसरा नळ सोडल्यावर चार मिनिटांवर गेली. नळ सोडताच जोरात फुसकारा आणि लगेच धार बारीक, असं झालं तर पाइपात कुठंतरी क्षार साचलाय किंवा व्हॉल्व अर्धा बंद आहे. पहिल्यापासून सगळेच नळ सारखे मंद असतील आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर टाकी डोक्यावर जेमतेम आहे. तिथं शॉवर विसरा, प्रेशर पंप लागेल. एकच नळ मंद असेल तर काळजी नको, जाळी काढून धुतली की झालं.

मेहुणीचा शेजारी: आमचा भाडेकरू भिंतीत खिळे ठोकून गेलाय. डिपॉझिटमधून किती कापू?

धागाकर्ती: दादा, त्यासाठी वेगळा धागा काढा.

जुळेकर_ताई: ओलीबद्दल लिहिते. ताजा रंग दिसला की मी तो फ्लॅट सोडते.

पाइपवाले काका: ताई, भाडेकरू बदलला की इथं बरेच मालक रंग मारतातच. रंगाची नाही, जागेची शंका घ्या. सगळ्या खोल्या जुन्या आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा खालचा दोन फूट पट्टाच नवा, तर खोट आहे. त्याच भिंतीमागे कपाट असेल तर उघडून वास घ्या. हात फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर लोणा. बाथरूमची ओल बारा महिने असते. छताची मात्र पावसाळ्यातच उघडी पडते, म्हणून एप्रिलमध्ये बघताना स्लॅबवरचे पिवळे गोल डाग आणि पंख्याच्या हुकाभोवतीचा रंग बघा. वरच्या मजल्यावरच्यांना त्यांच्या बाथरूममध्ये पाणी सोडायला सांगता आलं तर उत्तम, पण तोवर एजंट थांबत नाही हेही खरं.

जुळेकर_ताई: पटलं, पण तरी मी सोडणारच.

वरचा मजला: सकाळी अकराला फ्लॅट गार वाटतो. संध्याकाळी सातला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावा. मे महिन्यात माझ्या बेडरूमची भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असे. समोरासमोर खिडक्या नसतील तर उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघा. कूलर लावणार असाल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर खोली नुसती दमट करतो.

रेंजवाला: काड्या बघू नका. आतल्या बेडरूमचं दार लावून फोन करा आणि मिनिटभर बोला. दोन्ही सिमवरून. माझ्याकडे हॉलमध्ये पूर्ण काड्या असायच्या आणि बेडरूममध्ये फोन कटायचा.

अशोकचौकी: शेजारासाठी रात्री जा. आमच्याकडे गल्लीत यंत्रमाग आहेत, खटखट मला ऐकूही येत नाही, पण पुण्याहून आलेला भाडेकरू महिन्यात गेला. इमारतीतल्या बायकांना "पाणी कधी येतं?" एवढंच विचारा. पाण्यावरून कोणाचं कोणाशी वाजतं ते आपोआप कळतं.

नवीपेठकर: बादली घेऊन फ्लॅट बघायला गेलो तर मालक वेड्यात काढेल ओ.

पाइपवाले काका: काढू द्या. भाची बायकांशी बोलेल तोवर बादली भरते. पण टाकी दोन्ही विंगची मिळून एकच आहे का, तेवढं वर जाऊन बघा. गच्चीची किल्ली कोणाकडे असते, हे आमच्या बिल्डिंगमध्ये अजून ठरलेलं नाही.