आयर्न कॉन्डॉर: सरकवायचा की सरळ बंद करायचा?

देवगडकर: निफ्टी २५,००० ला होता तेव्हा २५,५०० चा कॉल आणि २४,५०० चा पुट विकला. हेज म्हणून २५,७०० आणि २४,३०० घेतले. एकूण ६० पॉइंट मिळाले. आता निफ्टी २५,५५० वर, बंद करायला ९० लागतायत, एक्स्पायरीला चार दिवस. तोटा ठरलेलाच आहे, मग बसून राहू का?

खाडीकाठ: ठरलेला आहे, पण छोटा नाही. निफ्टी एकाच बाजूला जाणार, म्हणून २०० वजा ६०, म्हणजे १४० पॉइंट. लॉट ६५ चा धरला तर ३,९०० साठी ९,१०० डावावर. शेवटपर्यंत धरलात तर दहातले सात डाव पूर्ण जिंकूनही हाती शून्य, ब्रोकरेज वेगळं. म्हणून मी ३० ला मिळाला की बंद करतो, १२० ला गेला की बंद करतो. तीनात दोन जिंकले की बरोबरी होते.

मिऱ्याबंदर: बंद कसला करताय! पुटची बाजू वर आणा: २४,५००-२४,३०० काढून २५,२००-२५,००० करा. निव्वळ २० मिळाले तर क्रेडिट ८०, जास्तीत जास्त तोटा १२०.

खाडीकाठ: हिशोब बरोबर, पण अर्धाच सांगितलात. वरचा ब्रेकइव्हन २५,५६० चा २५,५८० झाला. खालचा २४,४४० वरून थेट २५,१२० वर आला. वर २० पॉइंट मिळवायला खालचे ६८० दिलेत. निफ्टी उलटा फिरला तर मूळ कॉन्डॉर नफ्यात असता तिथे हा मार खाईल. सरकवायचाच तर एकदाच, आणि तोट्याची मर्यादा तीच ६० पॉइंट. म्हणजे आता १४० ला बाहेर.

चिपळूणचा बाळ्या: कॉल आत गेला तर शेअर द्यावे लागतील ना? माझ्या मित्राला द्यावे लागलेले.

खाडीकाठ: तो स्टॉक ऑप्शन असणार. निफ्टीत फक्त पैशांचा हिशोब.

मालवणी पाऊस: गेल्या जूनमध्ये लाइट गेली, मोबाइलची एकच काडी. घाईत आधी हेज विकले. मार्जिन धाडकन वाढलं, पुढची ऑर्डर रिजेक्ट. आधी विकलेले परत घ्या, मगच हेज विका. आणि १२० ला बाहेर पडू म्हणता, पण बाजार गॅपने उघडला तर?

खाडीकाठ: तर १२० दिसणारच नाही. ४ जून २०२४ ला, निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. दोनशेची रुंदी त्यात कुठे राहते? म्हणून किती लॉट घ्यायचे ते १४० वर ठरवा, ६० वर नाही.

मिऱ्याबंदर: असे दिवस मोजकेच. मी सरकवणारच.

देवगडकर: एकच लॉट आहे, अर्धा बंद करता येत नाही. ९४ झालेत. पुट तसेच ठेवतोय, १२० ला बाहेर. उद्या पेट्या भरायच्यात, पण सव्वानऊला मोबाइल हातात असेल.